हाताने काढलेल्या वंशावळीच्या फोटोवरून एक्सेल तक्ता कसा बनवायचा?

ई-सेवा केंद्र, टायपिंग किंवा झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्यांकडे हे काम नेहमी येतं. ग्राहक मोबाईल पुढे करतो. त्यात वहीच्या कागदावर पेनने काढलेली वंशावळ असते, वर मूळ पुरुष आणि खाली फुटत गेलेल्या रेघा. "एवढं नीट टाईप करून द्या, वारस नोंदीला लागतंय." कधी वारस नोंद, कधी जात पडताळणी. व्हिडिओमध्ये फाईल भरताना दाखवली आहे. इथे तीच फाईल सावकाश समजून घेऊ, कारण या कामातली चूक टायपिंगची नसते. ती "हा कोणाचा मुलगा" या एका कॉलममध्ये होते.

आधी फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि बारीक रेघा पुसट होतात. ग्राहकाला सांगा, फोटो `Document` म्हणून पाठवा. कागद घडी घातलेला असेल तर घडीवर आलेल्या रेघांचा जवळून वेगळा फोटो मागा. घडीवरच रेघ तुटते, आणि मग खालचं नाव डावीकडच्याचं की उजवीकडच्याचं हे आपण अंदाजाने ठरवतो. इथे अंदाज चालत नाही.

आता एक्सेल उघडण्याची घाई करू नका. फोटोची प्रिंट काढा आणि लाल पेनने प्रत्येक नावाशेजारी क्रमांक लिहा. वरून खाली, एक पिढी पूर्ण झाली की पुढची, डावीकडून उजवीकडे. मात्र पिढी ठरवताना नाव कागदावर किती उंचीवर आहे ते बघू नका, रेघ बघा. कागदाची कड आली की लिहिणारा माणूस नातवाचं नाव चुलत्याच्या शेजारी वर कोंबतो, हे हमखास दिसतं.

क्रमांक कशाला, नाव आहे की? तर ऐका. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे पाच पिढ्यांच्या वंशावळीत एकच नाव दोन-तीनदा येणं अगदी साधी गोष्ट आहे. पालकाच्या कॉलममध्ये नुसतं "राणोजी" लिहिलं, तर कोणता राणोजी? तुम्हाला आज आठवेल, एक्सेलला कधीच कळणार नाही. म्हणून पालकाच्या कॉलममध्ये नाव लिहायचं नाही, पालकाचा क्रमांक लिहायचा.

एक नमुना घेऊ. नावं काल्पनिक आहेत, आणि तक्ता लहान राहावा म्हणून पुढच्या पिढ्यांतल्या सुना घेतलेल्या नाहीत. वंशावळ विठ्ठलने काढली आहे असं समजा.

| क्रमांक | व्यक्ती | नातं | पालक क्र. | शेरा |
|---|---|---|---|---|
| 1 | राणोजी | मूळ पुरुष | | |
| 2 | सखू | पत्नी | 1 | |
| 3 | गणपत | मुलगा | 1 | |
| 4 | लक्ष्मी | पत्नी | 3 | पहिली |
| 5 | पार्वती | पत्नी | 3 | दुसरी |
| 6 | म्हादू | मुलगा | 1 | |
| 7 | राणोजी | मुलगा | 3 | आई 4 |
| 8 | शंकर | दत्तक मुलगा | 6 | जन्मदाते 3, आई 5 |
| 9 | विठ्ठल | मुलगा | 7 | |
| 10 | कमल | मुलगी | 7 | |
| 11 | गणपत | मुलगा | 8 | |
| 12 | सोनाबाई | मुलगी | 1 | विचारून घेतलं |

"नातं" या कॉलमपाशी जरा थांबा. विठ्ठलने कागदावर म्हादूच्या शेजारी "चुलत आजोबा" लिहिलं आहे आणि शंकरच्या शेजारी "चुलत काका". हे बरोबर आहे, पण फक्त विठ्ठलसाठी. तोच तक्ता उद्या शंकरच्या मुलाने वापरला तर म्हादू त्याचा आजोबा होतो. तेव्हा एकच नियम ठेवा: नातं नेहमी त्याच ओळीतल्या पालक क्रमांकाशी असलेलं लिहायचं. मुलगा, मुलगी, पत्नी, दत्तक मुलगा, आणि सगळ्यात वर मूळ पुरुष. काका, आजोबा, आत्या हे शब्द तक्त्यात येतच नाहीत.

पत्नीच्या ओळीत "पालक" म्हणून नवऱ्याचा क्रमांक येतो. कानाला विचित्र वाटतं, मान्य आहे. पण नात्यात "पत्नी" लिहिलेलं असल्यामुळे गोंधळ होत नाही आणि एक जादा कॉलम वाचतो. दोन बायका असतील तिथे मात्र मुलांच्या शेऱ्यात आईचा क्रमांक टाकाच. कागदावर दोन्ही घरांतली मुलं एकाच रेघेखाली लिहिलेली असतात आणि हिश्श्याच्या वेळी नेमकं तेच विचारलं जातं.

शंकरचं प्रकरण बघा. कागदावर त्याचं नाव दोनदा आहे, एकदा गणपतखाली आणि एकदा तुटक रेघेने म्हादूखाली. म्हादूला मूल नव्हतं, त्याने पुतण्या दत्तक घेतला. फोटोत नाव दोनदा असलं तरी माणूस एक, म्हणून ओळ एकच आणि क्रमांकही एकच. पालक कोण लिहायचा? १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तक गेलेलं मूल त्या तारखेपासून दत्तक घेणाऱ्याचं मूल धरलं जातं. म्हणून इथे 6 येईल आणि जन्मदात्याचा क्रमांक शेऱ्यात राहील. दत्तकपत्र आहे का, हे ग्राहकाला तिथेच विचारून घ्या. नंतर फोन करत बसावं लागत नाही.

आता सूत्रं. कॉलम A ते E वरच्या तक्त्याप्रमाणे आहेत. F मध्ये पालकाचं नाव, G मध्ये पिढी, H मध्ये अपत्ये. पहिल्या ओळीत शीर्षकं, म्हणून राणोजी दुसऱ्या ओळीत. F2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=IFERROR(VLOOKUP(D2,$A$2:$B$60,2,FALSE),"-")
```

पिढीसाठी G2 मध्ये हाताने 1 लिहा. G3 मध्ये हे, आणि मग खाली ओढा:

```
=VLOOKUP(D3,$A$2:$G2,7,FALSE)+IF(C3="पत्नी",0,1)
```

हे सूत्र पालकाला फक्त आपल्या वरच्या ओळींमध्ये शोधतं. मुद्दाम तसं केलं आहे. पालक खाली राहिला असेल किंवा क्रमांक चुकला असेल तर `#N/A` दिसेल, म्हणजे चूक लपणार नाही. विठ्ठलच्या ओळीत 4 आलं पाहिजे. इथे पालक म्हणून नाव लिहिलं असतं आणि नावावरून शोधलं असतं, तर VLOOKUP ला आधी वरचा राणोजी सापडला असता. मग विठ्ठलची पिढी 2 आली असती. म्हणजे विठ्ठल स्वतःच्या आजोबांचा भाऊ झाला असता आणि सातबाऱ्यावरच्या हिश्श्याचं गणित तिथेच फिसकटलं असतं. सगळ्यात वाईट म्हणजे तक्ता दिसायला एकदम नीट दिसला असता. कुठे लाल नाही, कुठे एरर नाही.

क्रमांक बरोबर असूनही `#N/A` येत असेल तर कीबोर्ड बघा. नाव मराठीत टाईप करता करता क्रमांकही मराठी कीबोर्डवरून पडतो, आणि ३ हा एक्सेलला बहुतेक वेळा आकडा नाही, मजकूर वाटतो. खूण सोपी आहे. खरा आकडा सेलमध्ये उजवीकडे जातो, मजकूर डावीकडे चिकटतो. A आणि D कॉलममध्ये आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. तसंच "पत्नी" नंतर चुकून एक स्पेस पडली तरी सूत्र तिला पत्नी मानत नाही, सुनेची पिढी एकने वाढवून टाकतं. म्हणून C कॉलमला `Data Validation` मधून यादी लावा आणि शब्द निवडूनच भरा.

आता फोटोशी पडताळणी. H2 मध्ये:

```
=COUNTIFS(D:D,A2,C:C,"<>पत्नी")
```

प्रत्येक नावासमोर त्याची तक्त्यातली मुलं किती हे येतं. फोटोत त्या नावाखालून किती रेघा निघतात ते बोटाने मोजा आणि जुळवा. गणपतसमोर 1 येईल, फोटोत रेघा दोन आहेत. हा फरक शंकरमुळे, म्हणून ठीक. पण प्रत्येक फरकाचं असं कारण सांगता आलं पाहिजे. कारण सांगता आलं नाही तर एखादी रेघ चुकीच्या माणसाला जोडली गेली आहे.

आणि रेघा जुळल्या म्हणजे वंशावळ पुरी झाली, असं मात्र धरू नका. फोटोत जे नाही ते तक्ता दाखवू शकत नाही. घरी काढलेल्या वंशावळींत मुलींची नावं बऱ्याचदा नसतात. विठ्ठलने स्वतःच्या बहिणीचं नाव लिहिलं, आजोबांच्या बहिणीचं राहिलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांच्या मालमत्तेत वारस आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही ती मुलाप्रमाणे जन्मतः सहहिस्सेदार झाली. तलाठी कार्यालयात वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, आणि तिथे एखादी बहीण सुटली तर तिची किंवा तिच्या मुलांची हरकत येऊन प्रकरण अडकतं. म्हणून प्रत्येक पुरुषाच्या नावावर बोट ठेवून ग्राहकाला विचारा, "यांना बहिणी किती?" घरातल्या वयस्कर बाईला फोन लावायला सांगा. तिला सगळं पाठ असतं.

असं नाव मिळालं की त्याला पुढचा क्रमांक द्या, जसा सोनाबाईला 12 दिला. मधे घुसवून सगळ्यांचे क्रमांक बदलू नका, नाहीतर प्रिंटवरचे लाल आकडे आणि D कॉलम दोन्ही बिघडतात. मधली एखादी पिढीच राहिली असेल तर तिची ओळ मुलांच्या वर घाला आणि F2, G3, H2 मधली सूत्रं पुन्हा खालपर्यंत ओढा, नाहीतर खालच्या ओळीत `#N/A` येईल. क्रमांक 13 असला तरी चालतो. सूत्र क्रमांक जुळवून शोधतं, तो चढत्या क्रमात असायला हवा असं नाही.

ग्राहकाला देताना A ते G एवढेच कॉलम प्रिंट करा, सोबत लाल क्रमांकांचा कागद जोडा, आणि प्रतिज्ञापत्र टाईप करताना तक्ता समोर ठेवा. हा तक्ता प्रतिज्ञापत्राची जागा घेत नाही. कोणी नावाप्रमाणे क्रम लावून मागितला तर मूळ फाईलवर `Sort` करू नका, पालक खाली गेले की पिढीची सूत्रं कोसळतात. आधी फाईलची कॉपी करा, तिच्यात सगळं निवडून `Paste Special` मधून `Values` करा आणि मग हवा तसा क्रम लावा.