क्रिएटिनिन नॉर्मल, मग सिस्टॅटिन कशाला?

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची आहे, वजन जेमतेम ३८ किलो. तिचं क्रिएटिनिन ०.८ आलं आणि लॅबच्या कागदावर ते नॉर्मल आहे. तरी डॉक्टरांनी ‘सिस्टॅटिन सी’ ही आणखी एक तपासणी सांगितली. ती १.५ आली आणि आता ते औषधाचा डोस कमी करायचा म्हणतात. एकाच किडनीबद्दल दोन कागद दोन गोष्टी कसे सांगतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा गोंधळ रास्त आहे. दोन्ही आकडे बरोबर असूनही हे घडू शकतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ०.८ आणि १.५ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नसते. क्रिएटिनिन डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात, सिस्टॅटिन लिटरमागे. आईच्या वयाला आणि बाईमाणसाला लागू होणाऱ्या सूत्रात घातल्यावरच त्यांचा अर्थ कळतो. त्यातून निघतो तो ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते याचा अंदाज.

आता मूळ मुद्दा. पिंपातल्या पाण्याची पातळी दोन गोष्टींवर ठरते : वरून नळ किती वाहतो आणि खालून किती निचरा होतो. रक्तातलं क्रिएटिनिन तसंच आहे. निचरा किडनी करते, पण नळ स्नायूंचा आहे, कारण क्रिएटिनिन प्रामुख्याने स्नायूंत तयार होतं. वयपरत्वे आईचे स्नायू झिजले, म्हणून नळच बारीक झाला. मग निचरा मंदावला तरी पातळी वाढत नाही आणि कागदावर ‘नॉर्मल’ छापून येतं. सूत्राला वय आणि लिंग कळतं. आईचे दंड किती बारीक झालेत ते कळत नाही.

सिस्टॅटिन सी हे छोटं प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, तेही बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने. त्यामुळे स्नायू कमी असोत वा जास्त, नळ फारसा बदलत नाही. किडनीच्या गाळणीतून ते सहज निसटतं आणि पुढच्या नलिकांमध्ये त्याचं विघटन होतं. म्हणूनच ते लघवीत नव्हे, रक्तात मोजतात. गाळणी मंदावली की रक्तातली पातळी चढते.

तुमच्याच आकड्यांचा हिशेब पाहा. नेहमीच्या सीकेडी-ईपीआय सूत्राने फक्त क्रिएटिनिन धरलं तर ईजीएफआर सुमारे ७४ येतो. फक्त सिस्टॅटिन धरलं तर ३९. दोन्ही एकत्र घेणाऱ्या सूत्राने ५४. म्हणजे ‘ठीक आहे’ वाटणारी किडनी प्रत्यक्षात ६०च्या खाली काम करत असावी.

उलट प्रकारही घडतो. ३० वर्षांच्या व्यायामपटूचं क्रिएटिनिन भरपूर स्नायूंमुळे १.५ आलं, तर सूत्र ६४ सांगतं आणि घरात घाबरगुंडी उडते. त्याचं सिस्टॅटिन ०.८ असेल तर त्यावरून ईजीएफआर ११८च्या आसपास येतो.

मग क्रिएटिनिन सोडून फक्त सिस्टॅटिनच का करू नये? कारण त्याच्याही नळाला हात लावणाऱ्या गोष्टी आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइडचा अतिरेक, लठ्ठपणा, धूम्रपान आणि शरीरातली दाहक सूज यांमुळे किडनी ठीक असतानाही ते वाढू शकतं. दोन तपासण्यांच्या चुकांची कारणं वेगळी असतात, त्यामुळे दोन्ही मिळून काढलेला आकडा साधारणपणे खऱ्याच्या जास्त जवळ जातो. क्रिएटिनिनवर भरवसा ठेवता येत नसेल तेव्हा केडिगो ही किडनीविकारांची आंतरराष्ट्रीय संस्थाही असंच सुचवते. आईला वरीलपैकी काही असेल, तर ३९ हा आकडा जरा सावधपणे घ्यायचा. फार मोठा निर्णय अडला असेल, तर शिरेतून एक द्रव्य टोचून त्याचा निचरा प्रत्यक्ष मोजता येतो.

डोस कमी करण्यामागचं कारण आता लक्षात येईल. समजा, नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन चालू आहे. ते किडनीवाटे बाहेर पडतं. ७४ धरून दिलेला डोस रक्तात साचला, तर म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तोल जातो आणि पडून हाड मोडतं. शिवाय हे ईजीएफआर सरासरी बांध्याच्या शरीराला धरून काढलेले असतात. ३८ किलोच्या लहानखुऱ्या बाईसाठी डोस ठरवताना डॉक्टर आणखी खालचा आकडा धरू शकतात.

मात्र एका कागदावरून ‘किडनीचा आजार’ असा शिक्का मारू नका. त्यासाठी बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करा, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, आणि तोवर दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.