दहा दातांचा पिनियन कापण्याआधी

पोरा, पिनियनला दाते कमी पडले की प्रत्येक जण तुला सांगेल, ‘थोडा शिफ्ट दे.’ किती द्यायचा हे निम्मे सांगतील, आणि शिफ्ट दिल्यावर दोन शाफ्टांमधलं अंतर किती होतं हे फार थोडे. गिअरबॉक्स भंगारात जातो तो बहुतेक या तिसऱ्या गोष्टीमुळे. म्हणून एकच जोडी धरून शेवटपर्यंत सांगतो.

समज, छोट्या विंचसाठी २.८ चं प्रमाण हवंय, मॉड्यूल ३, प्रेशर अँगल २० अंश. पिनियनला १७ दाते घेतले तर मोठं चाक ४८ दातांचं होतं आणि सेंटर डिस्टन्स ९७.५ मिमी. पेटी एवढी मोठी चालणार नाही. तेच १० आणि २८ घेतले तर ५७ मिमीत काम होतं. मोह इथेच पडतो, आणि तो रास्तही आहे.

आता हॉब काय करतो ते बघ. हॉबचा दात म्हणजे सरळ बाजूंचा रॅक. त्याचं टोक पिच लाइनच्या एक मॉड्यूल खाली जातं, त्यापुढचा पाव मॉड्यूल गोलाईचा. पिनियन लहान असला की हे टोक बेस सर्कलच्या आसपास नको तिथे घुसतं आणि मघाशी स्वतःच कापलेला इनव्होल्यूट खरवडून नेतं. दाताला मुळाशी, भुईमुगाच्या शेंगेला असते तशी, कंबर येते. हाच अंडरकट. तोटे दोन: दात जिथे सर्वांत जास्त वाकतो तिथेच बारीक होतो, आणि मोठ्या चाकाच्या टोकाला टेकायला चांगला इनव्होल्यूट उरत नाही. प्रोफाइल प्रोजेक्टरवर सावली पाडलीस की कंबर लगेच दिसते. प्रोजेक्टर नसेल तर पिनियन उजेडाकडे धरून दाताच्या मुळाकडे बघ, मुळाच्या वर दोन्ही बाजू आत ओढलेल्या दिसतील.

२० अंशाला ही सीमा १७.१ दातांची आहे. जुन्या यंत्रांत साडेचौदा अंशाचे गिअर असत, तिथे ती ३२ दातांवर जाते. जुन्या मशीनचा गिअर बदलताना प्रेशर अँगल न मोजता २० अंशाचा हॉब लावू नकोस. तो विषय वेगळा, पण सांगून ठेवतो.

टोक आत घुसू नये म्हणून हॉब थोडा बाहेर धरायचा, हाच शिफ्ट. किती बाहेर? मॉड्यूलच्या पटीत, एक वजा दाते भागिले १७.१. दहा दातांना ०.४१५ येतात. मी ०.४२ घेतो. पुस्तकात तुला आणखी एक सूत्र भेटेल, १४ मधून दाते वजा करायचे आणि उरलेल्याला १७ ने भागायचं. त्याने दहा दातांना ०.२३५ येतात. म्हणजे किंचित अंडरकट मान्य करून घेतलेला, हलक्या कामाला चालतो. विंचला ओझं उचलायचं असतं, तिथे मी ०.४२ सोडत नाही. हे हिशेब हॉब किंवा रॅक कटरचे आहेत. शेपिंगच्या गोल कटरचा हिशेब वेगळा असतो, त्याला हा आकडा जसाच्या तसा लावू नकोस.

दुकानात हे करताना पोरं घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. हॉब तोच, चेंज गिअर तेच, खोलीही तीच, सव्वादोन मॉड्यूल म्हणजे ६.७५ मिमी. फक्त ब्लँक मोठा टर्न करायचा. साध्या दहा दातांच्या पिनियनचा बाहेरचा व्यास ३६ मिमी असतो, ०.४२ च्या शिफ्टला तो ३८.५२ होतो. ब्लँकला हॉब टेकव आणि ६.७५ आत घे. शिफ्ट झाला. टर्नरने मात्र सवयीने ३६ चा ब्लँक दिला आणि तू त्यावर पूर्ण खोली घेतलीस, तर तुला शिफ्ट नाही, नेहमीचाच अंडरकट मिळेल.

दात बरोबर जाडीचा झाला का, हे फ्लँज मायक्रोमीटरने बघ. दोन दातांवरून माप १४.५७ मिमी आलं पाहिजे. शिफ्ट नसलेल्या पिनियनला ते १३.७० असतं. हा फरक एवढा ठळक आहे की गफलत झाली असेल तर पहिल्या तुकड्यावरच कळते.

आता सेंटर डिस्टन्स, ज्याच्यासाठी मी हे सगळं सुरू केलं. पहिली चूक म्हणजे पिनियनला शिफ्ट दिला पण पेटी ५७ वरच बोअर केली. जोडी बसतच नाही, हातोडा घेतलास तरी नाही. ही चूक निदान ताबडतोब दिसते. दुसरी चूक सभ्य दिसते, म्हणून वाईट. हिशेब करणारा म्हणतो, शिफ्ट ०.४२ म्हणजे १.२६ मिमी, तेव्हा अंतर ५८.२६. जोडी बसते, फिरते, सगळे खूश. पण अंतर खरं तर तेवढं नसतं. शाफ्ट दूर गेले की दातांची टेकायची रेषा जास्त उभी होते, म्हणजे चालता प्रेशर अँगल २० चा राहत नाही. तो आधी काढायचा आणि मग अंतर. हे दोन ओळींचं काम आहे:

```
inv(αw) = inv(20°) + 2·(x1 + x2)·tan(20°) / (z1 + z2)
aw = a·cos(20°) / cos(αw)
```

`inv` म्हणजे टँजंट वजा तोच कोन, पण कोन रेडियनमध्ये. कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल हातात घेतलास की पहिल्यांदा २० अंशाचं `inv` काढ. ०.०१४९०४ आलं पाहिजे. नाही आलं तर तू अंश आणि रेडियन यांची खिचडी केलीस, पुढे जाऊ नकोस.

आपल्या जोडीत मोठ्या चाकाला शिफ्ट नाही असं धरू. शिफ्टची बेरीज ०.४२, दातांची बेरीज ३८, `a` म्हणजे ५७. डावीकडे ०.०२२९५ येतात. कोष्टकातून उलटा कोन शोधला की २२.९७ अंश. त्यावरून अंतर ५८.१७५ मिमी. ५८.२६ आणि ५८.१७५ यांत ०.०८५ मिमीचा फरक. किरकोळ वाटतो ना? बोअर ५८.२६ वर केलंस तर दातांच्या घेरावर सुमारे ०.०७ मिमी बॅकलॅश फुकट वाढतो. एकाच दिशेने फिरणाऱ्या पंपाला तो खपून जाईल. विंच मात्र उलटसुलट चालतो, प्रत्येक दिशाबदलाला ठोका देईल आणि गिऱ्हाईक तुझ्या दारात येईल.

पण बोअर करणारा ५८.१७५ ऐकल्यावर तोंड वाकडं करतो. त्याला ५८ हवे असतात, आणि मी त्याला दोष देत नाही. अशा वेळी पिनियनला हात लावायचा नाही. त्याचा ०.४२ हा अंडरकटच्या सीमेवरच आहे. बदल मोठ्या चाकात करायचा. तेच गणित उलटं चालव: ५८ मिमी अंतराला चालता कोन २२.५६ अंश, त्याचं `inv` ०.०२१६९, त्यावरून शिफ्टची बेरीज ०.३५४. त्यातून ०.४२ वजा केले की मोठ्या चाकाला उणे ०.०६६. अठ्ठावीस दात आहेत, त्याला उणे शिफ्ट ०.६३ पर्यंतही अंडरकट येत नाही, तेव्हा ०.०६६ ची चिंता करू नकोस. त्याचा ब्लँक ९० ऐवजी ८९.६० मिमी, खोली पुन्हा ६.७५. टोकाचा मोकळा गॅप ०.७५ ऐवजी ०.६९ मिमी उरतो, तो पुरेसा आहे. टोकं छाटायची गरज नाही.

जुनीच पेटी वापरायची असेल आणि अंतर ५७ वर अडलं असेल तरी वाट आहे. पिनियनला अधिक ०.४२ आणि चाकाला उणे ०.४२. बेरीज शून्य, अंतर जसंच्या तसं ५७. दातांची बेरीज ३४ किंवा जास्त असली की हे जमतं, आपली ३८ आहे. चाकाचा दात मात्र मुळाशी बारीक होतो, म्हणून चाकाचं पोलाद साधं असेल तर आधी मजबुतीचा हिशेब तपास. मला हा उपाय दुरुस्तीच्या कामात आवडतो. नव्या पेटीत मी ५८ चाच मार्ग घेतो.

बॅकलॅशही मोठ्या चाकातूनच घे. वरच्या गणितात बॅकलॅश शून्य धरलाय. घेरावर ०.१ मिमी हवा असेल तर चाकाच्या ब्लँकमध्ये हॉब आणखी सुमारे ०.१४ मिमी आत घे. चार दातांवरून माप ३२.०४ च्या जागी ३१.९४ मिमी येईल. तेच ०.१४ मिमी पिनियनमध्ये घेतले असते तर त्याचा शिफ्ट ०.३७ वर आला असता आणि जो अंडरकट टाळायला एवढी खटपट केली, तोच मागच्या दाराने आला असता.

एक मर्यादा उरली. शिफ्ट वाढला की दाताचं टोक बारीक होतं. आपल्या पिनियनचं टोक ०.८२ मिमी रुंद राहतं, म्हणजे मॉड्यूलच्या ०.२७ पट. न कडक केलेल्या पोलादाला मी ०.२ पर्यंत जाऊ देतो. केस हार्डनिंग करायचं असेल तर टोक पूर्ण जाडीत कडक होऊन ठिसूळ होतं आणि ०.३ च्या वरच राहिलेलं बरं. म्हणजे हाच पिनियन केस हार्डन करायला सांगितला, तर शिफ्ट थोडा कमी करून किंचित अंडरकट स्वीकारायचा, नाहीतर पिनियनचा बाहेरचा व्यास थोडा छाटायचा. छाटलास तर हॉबची खोली नव्या व्यासावरून पूर्ण ६.७५ घेऊ नकोस, व्यास जेवढा छाटलास त्याच्या निम्म्याने कमी धर. नाहीतर शिफ्टच बदलेल.

आणि कोणी आठ दात मागितले तर सरळ नको म्हण. आठ दातांना अंडरकट पूर्ण टाळायला ०.५३ शिफ्ट लागतो, आणि मॉड्यूल ३ ला टोक ०.१२ मिमीवर येतं, सुरीच्या धारेएवढं. तिथे कंबर तरी सोसावी लागते किंवा टोक तरी. दोन दात वाढवून दहा घ्यायला सांग, मोठं चाक त्या प्रमाणात वाढव आणि पेटी थोडी मोठी कर. मोठी पेटी दाखव आणि तिचा भाव सांग; बहुतेक गिऱ्हाइकं दहा दातांवर येतात.