तिचं बोट

नाशिक,
रविवार, सकाळ

चि. अमू,



काल रात्री दादानं घरच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, "आत्याची गादी चालवतोय." सगळ्यांनी अंगठे आणि फुलं पाठवली. मी काहीच पाठवलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. बारा सेकंदांचा तो व्हिडिओ मी दहा-पंधरा वेळा पाहिला आणि मला झोप लागली नाही. त्यात सकाळी वहिनीचा फोन आला. बोलता बोलता तिनं सांगितलं, की दोन वेण्यांची ती मुलगी, तिच्या बँकेतल्या मैत्रिणीची, आता क्लासला यायचं नाही म्हणते. तिचं मनगट दुखतं म्हणे. खरंखोटं मला माहीत नाही. पण व्हिडिओत तीच मुलगी आहे आणि तिचं बोट मी पाहिलं आहे.

तिची पहिल्या बोटाची पकड बघ. बॅट धरलीय शेकहँडनंच, पण पहिलं बोट मागच्या रबरावर सरळ उभं आहे, पार मधोमध, पाटीवर खडू टेकवल्यासारखं. ते बोट रबराच्या खालच्या कडेशी आडवं हवं, पुढच्या बाजूला अंगठा तसाच खालच्या कडेला टेकलेला हवा, आणि बाकीची तीन बोटं मुठीभोवती सैल. हे तुला मी सातव्या वर्षी शिकवलंय, आपल्या माळ्यावरच्या त्या हिरव्या टेबलावर. तुझंही बोट वर जायचं, तेव्हा मी तिथे गंधाचा ठिपका लावायची आणि रबरावर ठिपका उमटला की खेळ बंद. विसरलास?

आता तू म्हणशील, मोठमोठे खेळाडूही फोरहँडला बोट थोडं वर सरकवतात. सरकवतात. पण ते सरकवतात आणि परत आणतात. या मुलीचं बोट तिथे आधार म्हणून रुतून बसलंय. का बसलं, तेही सांगते. ऐंशी-नव्वद ग्रॅमचं लाकूड, वर दोन्ही बाजूंचं रबर, म्हणजे तिच्या हातात पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजन आहे, आणि तेही सगळं डोक्याकडे. आठ वर्षांच्या मनगटाला ते पेलत नाही. त्यात तू बॉल असा टाकतोयस, की बॅट जागेवर यायच्या आत पुढचा आलेला असतो. मी मोजलं. बारा सेकंदांत सोळा बॉल, म्हणजे मिनिटाला ऐंशी. एवढ्या घाईत पोर काय करणार? मूठ आवळणार, बोटाची टेकणी देणार आणि मनगट कुलूप लावल्यासारखं बंद करणार. मनगट दुखलं असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही. मला राग आला तो तुझा. समोर उभं राहून तुला ते बोट दिसलं कसं नाही?

अमू, तुला ते दिसलं नाही, कारण तिचे बॉल पलीकडे पडत होते. सोळातले तेरा पडले. पण ते का पडले ते पाहिलंस का? तू फोरहँड पुश शिकवतोयस ना? आपल्याकडे काही हॉलमध्ये सपाट टोलवण्यालाही पुश म्हणतात, ते सोड. तुझ्या मनात अंडरस्पिनवरचा पुशच आहे, हे तुझ्या बॅटीच्या कोनावरून कळतं. पण घाईत तुझी बॅट बॉलच्या खालून घासून जातच नाही, नुसती मागून लागते. म्हणजे तू पाठवतोयस तो साधा, बिनफिरकीचा बॉल. त्यावर उघडी बॅट धरली तर बॉल उंच उडतो, म्हणून त्या शहाण्या पोरीनं तीन-चार बॉलांत बॅट उभी केली आणि बॉल नीट जायला लागला. उद्या स्पर्धेत समोरची मुलगी खरा खालून कापलेला बॉल देईल. तो उभ्या बॅटीला लागला की खाली घसरतो आणि जाळीत जातो. पोरगी रडेल, आणि तिला वाटेल आपलंच चुकलं.

तुझा बॉल खरा आहे की नाही हे पाहायला मुलगी लागत नाही. टेबलाच्या पलीकडे कुणी नसताना टाकून बघ. टप्पा पडल्यावर तो दबकला पाहिजे, थांबू का पुढे जाऊ असं केल्यासारखा. सरळ पळत टेबलावरून खाली गेला तर त्यात फिरकी नाही. डाव्या हातातला बॉल आधी आपल्या बाजूच्या टेबलावर सोड, तो वर येऊ दे आणि मग खालून हलकेच घास. हवेतूनच मारू नकोस. त्या एका टप्प्यानं तुलाही वेळ मिळतो आणि तिलाही बॉल येताना दिसतो. आणि तुझी नजर टोपलीकडे नको, बॉलकडेही नको. तिच्या बॅटीकडे बघ. बॅट पोटासमोर परत आली की तुझा पुढचा बॉल सुटेल. मग मिनिटाला तीस होवोत नाही तर पंचवीस.

मला हे एवढं का लागतंय ते तुला ठाऊक नाही. दादाला थोडं ठाऊक आहे, पण त्यानं तुला कधी सांगितलं नसणार. माझ्या पहिल्या बॅचमध्ये एक मुलगा होता, नऊ वर्षांचा, डोळे असे की बॉल निघायच्या आत ओळखायचा. त्याचंही बोट असंच उभं होतं. पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं. तेव्हा ३८ मिलिमीटरचा सेल्युलॉइडचा बॉल होता, आताच्या ४० पेक्षा चपळ, आणि मला वाटायचं मुलांना वेगाची सवय लागली पाहिजे. बॉल तर पलीकडे जातोय, मग बोटाचं नंतर बघू. टोपल्याच्या टोपल्या मी त्याच्यावर रिकाम्या केल्या. जिल्ह्यात तो जिंकला. पेढे वाटले. पुढच्या वर्षी सगळ्यांना कळलं, की याला फोरहँडला आखूड, खालून कापलेला बॉल द्यायचा. त्याचं मनगट मागे वळायचंच नाही. बॉल उंच यायचा आणि समोरचा ठोकायचा. मग मी त्याचं बोट खाली आणायला बसले. सहा महिने. हात जुनं विसरेना आणि नवं धरेना. एक दिवस त्यानं बॅट कव्हरमध्ये घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि "ताई, ही कुणाला तरी द्या" म्हणून गेला. ती बॅट मी कुणाला दिली नाही. तिच्या मागच्या रबरावर मधोमध बोटाचा गुळगुळीत डाग आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तू लहानपणी ती मागितलीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडले होते, आठवतं?

रागावू नकोस. रात्री जास्त चिडले होते, आता चहा झालाय. तुझं सगळंच चुकतंय असं नाही. मुलीची उभं राहण्याची पद्धत फार छान बसवलीयस. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, उजवा किंचित मागे, गुडघे सैल, टाचेखालून कागद सरकेल इतकं वजन पुढे. हे महिन्याभरात कुणाला जमत नाही. आणि आखूड बॉलला उजवा पाय टेबलाखाली जातोय तिचा! ते पाहून मी एकटीच हसले.

आता काय करायचं ते सांगते. आधी तिच्या घरी जा, फोन करू नकोस. मनगट खरंच दुखत असेल तर आठवडाभर बॅट नको, आणि तरी राहिलं तर डॉक्टरांना दाखवू दे. ती परत आली की तिची बॅट हातात घे आणि मूठ जिथे पात्याला मिळते तिथल्या लाकडाच्या कडेवरून अंगठा फिरव. नवीन बॅटीची ती कड बोटाच्या बेचक्यात रुतते, आणि रुतू नये म्हणूनही मुलं बोट वर नेतात. बारीक पॉलिश पेपरनं कड गोल कर. माझ्याकडचा तुकडा या पत्रात घातलाय. मग दोन दिवस टोपलीला हात लावू नकोस. नुसतं बॅटीवर बॉल टपटप उडवू दे, बोट खाली ठेवून. मध्येच जाऊन बॅट हळूच ओढून बघ. किंचित अडून हातातून निसटली तर पकड बरोबर. तिच्यासकट हात ओढला गेला तर मूठ आवळलेली आहे.

त्यानंतर टाकायला लाग. बॅट अंगापुढे उजवीकडे, तोंड वर उघडलं, मनगट थोडं मागे, आणि कोपरापासूनचा हात पुढे, नावापुरता खाली. बॉल अंगाच्या पुढेच भेटायला हवा. बाजूला भेटला की तो उजवीकडे बाहेर पळतो. लाकूड फोडल्यासारखा वरून घाव नको. बॅकहँडला कोपर पोटासमोर आपोआप दुमडतं, म्हणून मुलांना तो आधी येतो. फोरहँडला हात मोकळ्यावर असतो, त्याला काही सापडत नाही. म्हणून तिला वेळ लागेल. एका वेळी पंधरा बॉल पुरेत, पण आकड्यावर जाऊ नकोस. ज्या बॉलला बोट वर गेलं तो शेवटचा. सहावा असेल तर सहावा. थांबायचं, तिनं बॉल गोळा करायचे, पाणी प्यायचं, दुसऱ्यानं यायचं. पहिल्या आठवड्यात तिचे बरेच बॉल जाळीत जातील आणि तिची आई दारात उभी राहून बघेल. बघू दे. तिला सांग, की बॉल आत्ता मोजायचे नाहीत, बोट बघायचं.

दादाला व्हिडिओ काढू नकोस म्हणून मी सांगते. तू बोलू नकोस, उगाच वाद व्हायचा.

तुझा उजवा खांदा कसा आहे? त्या घाईत तूही खांद्यातून मारतोयस, मला दिसतं. रात्री गरम पाण्याची पिशवी घेत जा. माईची निळी पिशवी वहिनीकडे आहे. गणपतीला येशील तेव्हा आपण माळ्यावरचं टेबल खाली आणू. त्याचा एक पाय हलतो, पाचर मारावी लागेल. मी टाकीन, तू पुश कर. माझे बॉल आता मिनिटाला वीसच जातात, पण फिरकी अजून लागते. आणि ती दोन वेण्यांची मुलगी आली तर तिलाही घेऊन ये. पत्र्याच्या पेटीतली ती बॅट हलकी आहे, रबर बदलून घेऊ आणि तिला देऊ.

तुझी,
आत्या