सवलतीचा फलक आणि परतीचे गिऱ्हाईक

शेगावात सणाच्या सवलतीचा फलक लावू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे, की येथे येणारा मनुष्य श्रींच्या दर्शनासाठी आलेला असतो आणि खरेदीचा विचार त्याच्या मनात बहुधा परतीच्या वाटेवरच येतो. गत दिवाळीत एका आप्ताच्या कापडदुकानासाठी दोन नमुन्यांची पारख करण्याचे काम माझ्याकडे आले, त्यातून जे हाती लागले ते येथे नमूद करतो.

पहिला नमुना छापखान्याच्या संगणकावर फारच देखणा दिसला: केशरी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे, पणत्यांची आरास, शुभेच्छा, चार प्रकारच्या सवलती आणि अगदी तळाशी ‘आजच भेट द्या’. रस्त्यावरील भगव्या पताकांत मात्र तो पार विरून गेला, आणि तळची ओळ उभ्या ऑटोंच्या आड दडली. दुसऱ्यात पिवळ्यावर काळ्या अक्षरांत ‘सर्व साड्यांवर २५ टक्के सूट’ एवढाच मजकूर, आणि त्याला लागूनच बाण व ‘उजवीकडच्या गल्लीत, दुसरे दुकान’ ही सूचना होती.

दुसरा सरस ठरला. परंतु मजकूर, रंग व सूचनेची जागा ही तिन्ही एकदमच बदलल्यामुळे यश कशाचे, हे काही केल्या कळेना. शिवाय एक फलक गुरुवारी लागलेला आणि दुसरा शुक्रवारी. गुरुवारची येथील गर्दी ज्यास ठाऊक आहे, तो असल्या तुलनेस तुलना म्हणणार नाही. सबब एका वेळी एकच बाब बदलावी, या गुरुवारी एक नमुना लावल्यास पुढील गुरुवारी दुसरा लावावा, आणि दुकानात शिरलेली माणसे न मोजता फलकावरची सवलत नाव घेऊन मागणारी तेवढीच मोजावी.

रंगाची परीक्षा छपाईपूर्वीच होते. नमुन्याचे छायाचित्र मोबाइलवर कृष्णधवल करून पाहावे. केशरी व पिवळा एकमेकांत मिसळू लागले, तर तो नमुना बाद समजावा. अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली मोजावी, वेलांटी व रफार धरून नव्हे. दर दहा फुटांच्या अंतरास एक इंच हा स्थूल हिशेब धरला, तर तीस फुटांवरून वाचावयाच्या अक्षरास तीन इंच लागतात.

खरी अडचण निघाली ती बाणाची. रस्त्यावर आडव्या टांगलेल्या फलकाच्या दोन्ही बाजूंस छापखान्याने एकच मजकूर छापला होता. स्थानकाकडून मंदिराकडे जाणाऱ्यास जी गल्ली उजवीकडे, ती परतणाऱ्यास डावीकडे पडते, त्यामुळे साडी घेण्याच्या तयारीने निघालेली मंडळी नेमकी विरुद्ध बाजूच्या बोळात शिरत होती. मागील बाजूचा बाण व शब्द उलटे करून घेताच विचारणा वाढली. दुकानदार बंधूंनो, दुबाजू फलक घेताना दोन्ही बाजूंचे नमुने निरनिराळे मागवा, आणि मंदिराकडून परतणाऱ्याच्या नजरेस पडणारी बाजू आधी तपासा.