सही तपासली, रक्कम राहिली

खरेदी आणि देणी यांच्या ऑडिटमध्ये एकच बिल दोन कारणांसाठी हातात घेतले जाते. बिलाची तपासणी कंपनीने ठरवलेल्या पद्धतीने खरोखर झाली होती का, हे पाहणे म्हणजे नियंत्रणांची चाचणी, अर्थात टेस्ट ऑफ कंट्रोल्स. हिशेबात आलेली रक्कम बरोबर आहे का, हे थेट पाहणे म्हणजे सबस्टँटिव्ह प्रोसिजर. पहिलीत सापडते ते नियमाचे उल्लंघन, दुसरीत सापडते ती रकमेची चूक. कागद एकच असल्यामुळे या दोन कामांची गल्लत सहज होते.

खरेदीतले मुख्य नियंत्रण म्हणजे तीन कागदांचा मेळ: परचेस ऑर्डर, माल आल्यावर स्टोअरने केलेली जीआरएन आणि पुरवठादाराचे बिल. तिन्हींतील नग आणि दर जुळले की अकाउंट्स विभागातील जबाबदार व्यक्ती सही करते आणि मगच बिल नोंदवले जाते.

एका कारखान्यातले उदाहरण घेऊ. ऑर्डर २०० किलो पत्र्याची, दर किलोला ८२ रुपये. जीआरएनवर स्वीकारलेला माल १८५ किलो. १५ किलो गंजका म्हणून परत. बिल मात्र पूर्ण २०० किलोचे, १६,४०० रुपयांचे. त्यावर ‘तपासले’चा शिक्का आणि सही, आणि बिल तसेच नोंदवलेले. गंजक्या मालाची डेबिट नोट कुठेच नाही.

रकमेच्या बाजूने पाहिले तर चूक १,२३० रुपयांची. मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात ती नगण्य. नियंत्रणाच्या बाजूने मात्र ती गंभीर आहे, कारण सही झाली आणि तपासणी झालीच नाही. हेच बिल बारा लाखांचे असते तरी ते असेच सुटले असते. म्हणून नियंत्रणाच्या चाचणीत किती रुपये चुकले यापेक्षा किती वेळा नियम मोडला हे मोजतात. नुसती सही पाहून किंवा ‘आम्ही सगळं तपासतो’ हे उत्तर लिहून घेऊन ही चाचणी पूर्ण होत नाही. ऑडिटरने तीन कागद शेजारी ठेवून तो मेळ स्वतः पुन्हा घालायचा असतो. उल्लंघने जास्त निघाली, तर त्या नियंत्रणावर भिस्त न ठेवता रकमांची थेट तपासणी वाढवावी लागते.

खरा धोका असतो तो चाचणी स्वच्छ निघते तेव्हा. त्याच कारखान्यात २९ मार्चला १४,२०,००० रुपयांचा माल आला आणि जीआरएन झाली. पुरवठादाराने ३० मार्च तारखेचे बिल एप्रिलमध्ये पाठवले आणि ते एप्रिलच्याच खरेदीत गेले. ३१ मार्चच्या साठ्यात माल मोजला गेला, देणे मात्र धरले गेले नाही. नफा तेवढ्याने फुगला. इथे कागदांचा मेळ कितीही चोख घातला तरी ही चूक दिसत नाही, कारण तो मेळ बिल आल्यावरच सुरू होतो. जे बिल टेबलावर आलेच नाही, त्याला तो अडवणार कसा?

देणी कमी दाखवली जाण्याचा धोका असल्याने इथे तपास नोंदलेल्या बिलांपासून नव्हे, वहीबाहेरच्या पुराव्यापासून सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांतील मोठी पेमेंट्स बँक स्टेटमेंटवरून निवडून प्रत्येकाची जीआरएन तारीख पाहावी. मार्चअखेरच्या शेवटच्या जीआरएन घेऊन त्यांची बिले कोणत्या वर्षात नोंदली ते तपासावे. पुरवठादारांकडून खातेउतारे मागवताना शिलकीऐवजी वर्षभराच्या उलाढालीवरून नावे निवडावीत, कारण लपलेले देणे शून्य शिलकीच्या खात्यातही असू शकते. भारतात जीएसटीआर-२बी हाही चांगला धागा आहे: पुरवठादाराने दाखवलेले आणि कंपनीच्या खरेदीत नसलेले बिल तिथे दिसते. मात्र नोंदणी नसलेल्या पुरवठादाराचे बिल त्यात येत नाही, आणि एप्रिल तारखेचे बिल मार्चच्या यादीत सापडत नाही. म्हणून जीआरएनची तपासणी टाळता येत नाही.

उलट दिशेचा समजही चुकीचा आहे. रकमांच्या तपासणीत चूक सापडली नाही, एवढ्यावरून नियंत्रण चालू होते असे ठरत नाही. बिले योगायोगाने बरोबर आलेली असू शकतात. लेखापरीक्षण मानक एसए ३३० या दोन्ही बाबतींत स्पष्ट आहे: चूक न सापडणे हा नियंत्रणाचा पुरावा नाही, आणि जोखीम कितीही कमी वाटली तरी महत्त्वाच्या रकमेच्या व्यवहारांची व शिलकींची थेट तपासणी करावीच लागते.

म्हणून वर्किंग पेपरवर प्रत्येक तपासणीचा हेतू आधी लिहावा. एकाच बिलावर दोन्ही कामे केली, तर निष्कर्षही दोन वेगळे लिहावेत. नियंत्रण उत्तम निघाले तर तपासायच्या बिलांची संख्या कमी करता येते. मार्चनंतरची पेमेंट्स पाहण्याचे काम मात्र वगळू नये.