बॅटरीवरचे आकडे आणि त्यांच्या अटी

इन्व्हर्टरची बॅटरी घेताना बहुतेक कुटुंबे दोनच आकडे ताडून पाहतात, एक बॅटरीवर छापलेली क्षमता आणि दुसरा वॉरंटीचे महिने. हे दोन्ही आकडे खोटे नसतात. परंतु ते ज्या अटींवर खरे ठरतात त्या अटी दुकानात क्वचितच सांगितल्या जातात, आणि दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या घरात नेमक्या त्याच अटी पाळल्या जात नाहीत.

क्षमता एएचमध्ये, म्हणजे ॲम्पिअर-तासांत, दिलेली असते. ‘१५० एएच’ या शब्दांपुढे बारीक अक्षरांत सी-२० असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ बॅटरी वीस तासांत सावकाश, म्हणजे सुमारे साडेसात ॲम्पिअरने, रिकामी केली तरच तेवढी वीज मिळते असा होतो. वीज अधिक वेगाने खेचली की शिसे-आम्ल बॅटरीतील आम्ल प्लेटच्या सूक्ष्म छिद्रांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि हाती येणारी वीज घटते. सी-२० वर १५० एएच असलेली बॅटरी दहा तासांच्या मापाने, म्हणजे सी-१० वर, साधारण सव्वाशे एएचच्या आसपास भरते. त्यामुळे एका कंपनीचा सी-२० चा आकडा आणि दुसरीचा सी-१० चा आकडा शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी तोलणे होय.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी असणाऱ्या दोन खोल्यांच्या घराचे उदाहरण घेतले, तर या आकड्यांचा रोजच्या वापराशी असलेला संबंध स्पष्ट होतो. दोन साधे छतपंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, तीन एलईडी दिवे मिळून ३० वॅट आणि राउटरचे १० वॅट, असा १९० वॅटचा भार तेथे धरता येईल. इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के वीज वाया जाते, हे लक्षात घेता बॅटरीवर सव्वादोनशे वॅटच्या जवळपास भार पडतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १९ ॲम्पिअर वाहतात. तीन तासांच्या भारनियमनात ५६-५७ एएच खर्च होतात, म्हणजे वरील बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी होते. येथवर तक्रारीला जागा नाही, कारण खरी अडचण बॅटरी पुन्हा भरण्यात येते. खर्च झाली त्याहून सुमारे २० टक्के अधिक वीज परत भरावी लागते. लहान इन्व्हर्टर दहा ॲम्पिअरच्या आसपास चार्जिंग देत असेल, तर त्यास सात तास लागतात, आणि शेवटचा टप्पा मुळातच संथ असल्याने पूर्ण चार्ज होण्यास नऊ-दहा तास जातात. सकाळी तीन व संध्याकाळी तीन तास वीज जात असेल, मध्येच आणखी झटके बसत असतील आणि आलेल्या विजेचा दाबही कमी असेल, तर ती बॅटरी कित्येक आठवडे एकदाही पूर्ण भरत नाही.

अशा घरांत येणारा अनुभव ठराविक असतो. पहिला उन्हाळा ठीक जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन तासांचा बॅकअप तासाभरावर येतो. वॉरंटी शिल्लक असल्याने कंपनीकडे तक्रार जाते आणि तंत्रज्ञ हायड्रोमीटर घेऊन येतो. आम्लाची घनता मोजणाऱ्या या साध्या नळीने तो सहाही कप्प्यांची नोंद घेतो. पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर बॅटरीत ही घनता १.२४० च्या आसपास असावी लागते. पाच कप्पे ठीक असून एकच फार खाली असेल, तर तो उत्पादनातील दोष मानला जातो आणि बॅटरी सहसा बदलून मिळते. परंतु सहाही कप्पे सारखेच खाली, समजा १.१८० वर, असतील तर ‘चार्जिंग कमी पडले’ असा शेरा पडतो आणि दावा नाकारला जातो. ग्राहकाला ही पळवाट वाटते, तरी तंत्रदृष्ट्या शेरा बहुधा बरोबर असतो. अर्धवट भरलेल्या प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अशा घराने दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणली तरी तिचीही तीच गत होते. तेथे पैसे आधी पंख्यांवर खर्च करावेत. सुमारे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचे, दोन पंखे बसवले की एकूण भार १०० वॅटवर येतो, तीन तासांत ३० एएचच खर्च होतात आणि तीच बॅटरी चार-पाच तासांत बऱ्यापैकी भरते.

एवढे केल्यावर कंपनीच्या निवडीला अर्थ येतो. बांधणी ट्युब्युलर हवी, हे गृहीत धरावे; तिच्यात धन प्लेटचे द्रव्य नळीसारख्या कापडी आवरणात धरलेले असल्याने वारंवार रिकामी होऊनही ते सपाट प्लेटइतके झडत नाही. एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांत जिचे आम्लासह वजन लक्षणीय कमी, तिच्यात शिसेही कमी असण्याचा संभव अधिक. एक्साइड, ॲमरॉन, ल्युमिनस, लिव्हगार्ड ही नावे सर्वत्र दिसतात. पण तालुक्याच्या गावी खरा भेद पडतो तो तक्रार नोंदवल्यावर माणूस किती दिवसांनी येतो आणि तपासणीच्या काळात पर्यायी बॅटरी देतो की नाही यावर, आणि त्याचे उत्तर जाहिरातीपेक्षा शेजारच्या पिठाच्या गिरणीत किंवा झेरॉक्सच्या दुकानात अधिक खात्रीने मिळते. इन्व्हर्टर व बॅटरी एकाच कंपनीची असल्यास दोष दुसऱ्याच्या वस्तूवर ढकलण्याची सोय उरत नाही, हाही लहानसा फायदा आहे. कंपनी टिकेल का, हा प्रश्न अगदीच काल्पनिक नाही. एकेकाळी घरोघरी माहीत असलेली सु-कॅम ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

वॉरंटीचे महिने वाचताना ते फोडून वाचावे लागतात. ‘६० महिने’ म्हणजे पुष्कळदा ३६ अधिक २४ असतात. पहिल्या ३६ महिन्यांत सदोष बॅटरी विनामूल्य बदलून मिळते, तर पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीवर केवळ सवलत मिळते, आणि ती छापील किमतीवर मोजली जाते. छापील किंमत २०,००० रुपये, बाजारभाव १५,००० रुपये आणि सवलत ३० टक्के असे धरले, तर सवलतीची बॅटरी १४,००० रुपयांना पडते. शिवाय जुनी बॅटरी कंपनीकडे जमा करावी लागते. तीच जुनी बॅटरी मोडीत दिली असती तर शिशाच्या वजनाने हजार रुपयांहून बरेच अधिक आले असते, म्हणजे सवलत घेणारा तोट्यात राहतो. म्हणून ३६ अधिक २४ आणि ४८ अधिक शून्य यांत दुसरा पर्याय, एकूण महिने कमी दिसत असूनही, सरस ठरतो. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी नसून मूळ मुदतीतील उरलेले महिनेच लागू असतात, हेही कार्डावरच लिहिलेले असते.

बॅटरी घरी आल्यावर अनुक्रमांक बिलाशी जुळवून पाहावा, उत्पादनाचा महिना विचारून घ्यावा आणि गोदामात पाच-सहा महिने पडून राहिलेला माल परत करावा, कारण न वापरताही बॅटरी हळूहळू उतरते आणि सल्फेट तेव्हाच बसू लागतो. इन्व्हर्टरमागील खटका ट्युब्युलरवर असल्याची खात्री करावी. पाणी घालताना नळाचे अजिबात वापरू नये, कारण त्यातील क्षारांमुळे बॅटरी बिघडते आणि दावाही फेटाळला जातो. पहिले चार्जिंग पूर्ण झाल्यावर बसवणाऱ्याकडून सहाही कप्प्यांची घनता मोजून घ्यावी, ते सहा आकडे वॉरंटी कार्डाच्या मागे तारखेनिशी लिहावेत आणि त्याखाली दुकानाचा शिक्का घ्यावा. पुढे एखादाच कप्पा खाली आला, तर तो आरंभी इतर पाचांच्या बरोबरीने होता हे दाखवण्यास ग्राहकाकडे दुसरे साधन नसते.