माहेरच्या माणसाला फोनवरचं काम शिकवायचंय? स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवा

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आई थाळनेरला, मी शिरपूरला. आईच्या गटाच्या कर्जाच्या फाईलसाठी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला होता. आईने तो दोनदा पाठवला आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "आकडे वाचता येत नाहीत." तिसऱ्यांदा तीच पासबुक घेऊन गाडीने शिरपूरला यायला निघाली होती. एका फोटोसाठी भाडं आणि अख्खा दिवस मोडणार होता.

दोष फोटोचा नव्हता. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. तोच फोटो "Document" म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. हे मी आईला फोनवर सांगायला गेले. "क्लिपचं चिन्ह दाब" म्हटलं की ती म्हणे, "कोणतं?" तिच्या स्क्रीनवर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. शेवटी मी माझ्या फोनवर ते काम करताना स्क्रीनचं रेकॉर्डिंग केलं, सोबत बोलत गेले आणि तो व्हिडिओ तिला पाठवला. पण तो जमायला मला तीन खेपा लागल्या. त्या तीन खेपांतच सगळा धडा आहे, म्हणून क्रमाने सांगते.

रेकॉर्डर कुठे असतो

अँड्रॉइड 11 पासूनच्या बहुतेक फोनमध्ये हे साधन आधीपासून असतं, वेगळं ॲप उतरवायची गरज नाही. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढा. वायफाय, टॉर्च अशी चिन्हं दिसतात, त्यांतच "Screen recorder" किंवा "Screen record" असतं. पहिल्या पानावर नसेल तर बोटाने बाजूला सरकवून पुढचं पान बघा. तरी नाही सापडलं तर पेन्सिलचं चिन्ह दाबा, खालच्या यादीतून ते चिन्ह ओढून वर आणा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते वेगळ्या ॲपसारखं बाकीच्या ॲपमध्येच ठेवलेलं असतं.

चिन्ह दाबलं की सुरू होण्याआधी फोन विचारतो, आवाज कुठला घ्यायचा? इथे माझी पहिली खेप वाया गेली. मी न वाचता सुरू केलं. दोन मिनिटं मन लावून बोलले आणि व्हिडिओ निघाला मुका. फोनमध्ये साधारण तीन पर्याय असतात: आवाज नको, फोनमधला आवाज, आणि फोनमधला आवाज अधिक माइक. आपलं बोलणं हवं तर ज्यात माइक आहे तोच पर्याय निवडायचा, जसं "Media sounds and mic" किंवा "Microphone". काही फोन हे सुरू करताना विचारत नाहीत, तिथे रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये एकदा बघून ठेवावं लागतं. आयफोनमध्ये रेकॉर्डचं गोल बटण दाबून धरलं की खाली माइकचं चिन्ह येतं, ते चालू करायचं.

तेव्हापासून मी आधी पाच सेकंदांचं नमुना रेकॉर्डिंग करते, "एक, दोन, तीन" म्हणते, थांबवते आणि ऐकते. आवाज आला तरच पुढे जाते. आणखी एक लक्षात ठेवा, कोणाशी कॉलवर बोलता बोलता हे करू नका. कॉल चालू असताना बहुतेक फोनमध्ये माइक रेकॉर्डरला मिळत नाही आणि व्हिडिओ पुन्हा मुका निघतो.

त्याच जागी "Show touches" नावाचा पर्याय असेल तर तो चालू करा. मग आपलं बोट जिथे टेकतं तिथे गोल ठिपका उमटतो आणि बघणाऱ्याला कुठे दाबलं ते कळतं. हा पर्याय नसेल तर चिन्हाची जागा तोंडाने सांगावी लागेल.

व्हिडिओत काय दिसू नये

दुसऱ्या खेपेला आवाज छान आला. पाठवण्याआधी सहज पूर्ण बघितला आणि अंगावर काटा आला. मध्येच वरून एक मेसेज सरकत आला होता, त्यात ओटीपी होता. पुढे मी फाईलींची यादी उघडली, तर घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डाच्या फाईली नावासकट दिसत होत्या. आणि सुरुवातीला व्हॉट्सॲप उघडताना कोणाकोणाचे काय मेसेज आहेत तेही आलं होतं. आईला पाठवलेला व्हिडिओ आईपाशीच राहील असं थोडंच आहे? तिने शेजारणीला दाखवावा, शेजारणीने गटावर टाकावा, असंच होतं. आणि व्हायलाही हवं, शिकण्याचीच वस्तू आहे ती. म्हणून तो गावभर फिरला तरी चालेल असाच बनवायचा.

त्यासाठी मी आता चार गोष्टी करते. आधी फोन "Do not disturb" वर ठेवते, म्हणजे मध्ये मेसेज सरकत येत नाहीत. व्हॉट्सॲपची यादी दिसू नये म्हणून आईची चॅट उघडून मगच रेकॉर्डिंग सुरू करते. खरं पासबुक वापरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढते आणि तोच पाठवून दाखवते. कृती तीच, पण खाते नंबर कोणाला कळत नाही. फोटो आत्ताच काढलेला असल्यामुळे तो यादीत सगळ्यात वर सापडतो, खाली शोधत जावं लागत नाही. आणि पाठवण्याआधी व्हिडिओ पूर्ण, न सरकवता बघते. काही नव्या फोनमध्ये पूर्ण स्क्रीनऐवजी एकच ॲप रेकॉर्ड करण्याची सोय असते. ती असेल तर निवडा, बाहेरचं काही येत नाही.

पैशांच्या ॲपबद्दल वेगळं सांगते. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप रेकॉर्ड करायला गेलात तर बऱ्याचदा व्हिडिओत ती जागा काळी दिसते. फोन बिघडलेला नाही, त्या ॲपनेच पिन जपण्यासाठी रेकॉर्डिंग अडवलेलं असतं. पण सगळीच ॲप सगळीकडे अडवतात असं नाही, आणि "Show touches" चालू असेल तर कोणते आकडे दाबले तेही उमटू शकतं. म्हणून पिन, पासवर्ड, ओटीपी टाकायचं काम व्हिडिओत घ्यायचंच नाही. ते समोरासमोर बसूनच शिकवायचं.

आणि रेकॉर्डिंग व शेअरिंग यात गल्लत करू नका. रेकॉर्डिंग आपल्या फोनमध्ये राहतं, आपण बघून मग देतो. स्क्रीन शेअर केली तर समोरचा आपला फोन त्याच क्षणी बघत असतो. "बँकेतून बोलतोय, स्क्रीन शेअर करा" असा फोन आला तर कापून टाका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या नंबरवर कळवा.

बोलायचं कसं

दुसऱ्या खेपेत आणखी एक चूक होती. व्हिडिओ चार मिनिटांचा झाला होता. आता विचार करा, आईकडे फोन एकच. त्याच फोनवर व्हिडिओ बघायचा आणि त्याच फोनवर काम करायचं. म्हणजे व्हिडिओ बंद करून, लक्षात ठेवून, मग हात चालवायचा. चार मिनिटांतलं काय काय लक्षात राहणार? म्हणून एका व्हिडिओत एकच काम आणि तेही मिनिटभरात. काम मोठं असेल तर दोन व्हिडिओ करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "हा पहिला" किंवा "हा दुसरा".

आणखी एक गोम होती. माझं व्हॉट्सॲप मराठीत आणि आईचं इंग्रजीत. मी जे शब्द वाचत होते ते तिच्या फोनवर नव्हतेच! तिसऱ्या खेपेआधी मी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "App language" मध्ये जाऊन माझंही इंग्रजी केलं. ज्याला शिकवायचं त्याच्या फोनवर जे दिसतं तेच आपल्या स्क्रीनवर दिसायला हवं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून शब्दाऐवजी चिन्हाचा आकार आणि जागा सांगितली.

तिसऱ्या खेपेला मी आधी कागदावर वाक्यं लिहून घेतली. ती अशी:

1. "माय, आता फोटो पासबुकाचा, पण पाठवायची रीत वेगळी. मी कॅलेंडरचा फोटो पाठवून दाखवते."
2. "खाली जिथे आपण लिहितो, त्या पट्टीत उजवीकडे कागदाला लावतो तशी क्लिप आहे. ती दाबते."
3. "आता बरीच चिन्हं आली. यात फोटोचं चिन्ह दाबायचं नाही. कागदाचं चिन्ह आहे, ते दाबते."
4. "गॅलरीतून निवडायची ओळ आली, ती दाबते. सगळ्यात वरचा फोटो आपला. तो दाबते."
5. "आता खाली उजवीकडे बाण आला. तो दाबला की गेला."
6. "गेलेला फोटो मोठा दिसत नाही, कागदासारखा लहान डबा दिसतो. तसा दिसला म्हणजे बरोबर गेला."

बोलताना मी हे तुम्हाला लिहिलंय तसं नाही, आमच्या अहिराणीत बोलले. घरात ज्या बोलीत बोलतो त्याच बोलीत बोलावं, आईला ते शाळेतल्या बाईंसारखं वाटत नाही.

या वाक्यांत दोन गोष्टी बघा. "इथे दाब", "हे दाब" असं कुठेच नाही, कारण व्हिडिओ बंद केल्यावर "इथे" म्हणजे कुठे हे आठवत नाही. "उजवीकडे, क्लिप" हे आठवतं. आणि आधी बोलायचं, दोन सेकंद थांबायचं, मग दाबायचं. आपलं बोट सवयीने पळतं आणि बघणाऱ्याची नजर मागे राहते. शेवटचं वाक्य तर गाळूच नका. काम बरोबर झालं हे ओळखायचं कसं ते सांगितलं नाही, तर आई पुन्हा फोन करून विचारणारच.

पाठवण्याआधी

वरची पट्टी ओढून "Stop" दाबलं की व्हिडिओ गॅलरीत जातो. शेवटी ही पट्टी ओढलेलीही व्हिडिओत येते. गॅलरीत तो उघडून "Edit" मध्ये गेलं की दोन्ही टोकं आत सरकवून सुरुवातीचा आणि शेवटचा फापटपसारा कापता येतो.

व्हॉट्सॲप व्हिडिओसुद्धा दाबून लहान करतं, तेव्हा अक्षरं पुसट होऊ शकतात. आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. वाचता येत असेल तर तसाच पाठवा, आईला तो बघायला सोपा जातो. नसेल तर वरचं "HD" दाबून पाठवा. व्हिडिओ "Document" म्हणून पाठवला तर तो सगळ्यात स्पष्ट जातो, पण आकाराने मोठा असतो आणि समोरच्याचा नेट जास्त खर्च होतो.

आईने व्हिडिओ तीनदा बघितला आणि संध्याकाळी तिने पाठवलेला लहान डबा माझ्या फोनवर आला. उघडला तर कॅलेंडरचाच फोटो! तिने माझ्यासारखाच कॅलेंडरचा फोटो काढून आधी सराव करून बघितला होता. दुसऱ्या दिवशी पासबुकाचं पान गेलं आणि या वेळी आकडे वाचता आले. शिरपूरची खेप वाचली. आता तोच व्हिडिओ तिच्या गटातल्या बाया एकमेकींना पाठवतात, आणि त्यात माझ्या घरचा एकही आकडा नाही.